बाबासाहेबांचे पत्ते शोधताना: पत्र आधी, डिरेक्टरी नंतर

प्रश्न : डॉ. आंबेडकर ज्या ज्या शहरात राहिले तिथल्या घरांची पत्त्यांसह यादी करतोय. चरित्रांमध्ये पत्ते अर्धवट आहेत, एकमेकांशी जुळतही नाहीत. लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या जुन्या डिरेक्टऱ्या नेटवर सापडल्या, पण त्यांत त्यांचं नावच नाही. पत्रांवरचे पत्ते खरे धरावेत का? सुरुवात नक्की कुठून करायची?

डिरेक्टरीत नाव नाही हे अपेक्षितच आहे. लंडनच्या पोस्ट ऑफिस डिरेक्टरीत, म्हणजे लोक जिला केलीची डिरेक्टरी म्हणतात तिच्यात, घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं नसतात. एका दारामागे एक नाव असतं, आणि ते घर ज्याच्या ताब्यात आहे त्याचं. खोली भाड्याने घेऊन राहणारा विद्यार्थी, मग तो पुढे कितीही मोठा होवो, त्यात येत नाही. म्हणून नाव घेऊन डिरेक्टरीत शिरू नका. आधी पत्रांतून पत्ता काढा आणि मग तो पत्ता घेऊन डिरेक्टरीत जा. तिथे बाबासाहेब सापडणार नाहीत, घर सापडेल. ते घर तेव्हा कुठल्या कोपऱ्यावर होतं, कोणाच्या ताब्यात होतं आणि आज त्याच क्रमांकावर उभं आहे ते तेच घर आहे का, हे डिरेक्टरी सांगते. माणूस त्या तारखेला तिथे होता का, हे पत्रानेच ठरतं.

लंडनचंच उदाहरण सविस्तर घेतो, कारण तिथे सगळ्या अडचणी एकदम भेटतात.

१० किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म हे घर आता सगळ्यांना माहीत आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. घराचं स्मारक करण्यावरून पुढे कॅम्डन कौन्सिलशी वाद झाला आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. दारावरच्या निळ्या पाटीवर १९२१-२२ अशी वर्षं आहेत. बहुतेक याद्यांमध्ये मात्र हाच पत्ता ‘लंडनमधील निवास’ एवढ्याच शीर्षकाखाली येतो आणि घोळ तिथेच होतो. बाबासाहेब लंडनला दोनदा शिकायला गेले. पहिल्यांदा १९१६ च्या ऑक्टोबरात आले आणि १९१७ च्या उन्हाळ्यात परतले. दुसऱ्यांदा १९२० च्या जुलैत निघाले आणि १९२३ च्या एप्रिलपर्यंत, मधला जर्मनीचा काळ सोडला तर, तिथेच होते. म्हणजे पाटीवरचा काळ त्यांच्या लंडनमधल्या एकूण मुक्कामाचा एक तुकडा आहे. पाटीवर तेवढीच वर्षं घालतात जेवढ्यांना पुरावा असतो. तुमच्या यादीत या घरासमोर ‘१९२०-२३’ लिहिलंत तर ते चुकेल. ‘१९१६-१७’ लिहिलंत तर फारच चुकेल.

आता पुरावा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांना त्यांनी १९२२ च्या फेब्रुवारीत लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. प्रबंधाचं जुनं हस्तलिखित हरवलं आणि नव्याने लिहावं लागलं, हा त्याचा विषय. डोक्यावर पत्ता किंग हेन्रीज रोडचा, शेवटी ‘लंडन एन.डब्ल्यू. ३’. या शेवटच्या आकड्याकडे लोक बघत नाहीत. लंडनच्या टपाल विभागांना असे आकडे १९१७ मध्ये, महायुद्धाच्या काळात जोडले गेले, कारण अनुभवी पत्रवाटप करणारे लढाईवर गेले होते आणि नव्या माणसांना पत्रं लावणं सोपं जावं. त्याआधीच्या पत्रावर नुसतं ‘एन.डब्ल्यू.’ असे. तेव्हा तारीख नसलेलं किंवा तारखेचा कोपरा फाटलेलं पत्र हाती आलं आणि त्यावर आकडा असला, तर ते १९१६ मधलं नाही, हे बहुतेक ठरलं. उलट मात्र धरू नका. सवयीने आकडा न घालणारे लोक नंतरही बरीच वर्षं होते.

एका पत्राने एका तारखेचं काम होतं. तुम्हाला हवा असतो काळ. त्यासाठी त्या पत्त्यावरचं सगळ्यात आधीचं पत्र आणि सगळ्यात शेवटचं पत्र शोधायचं. मग त्याच्या आधीच्या पत्त्यावरचं शेवटचं पत्र, आणि त्याच्या नंतरच्या पत्त्यावरचं पहिलं. या चार तारखांमध्ये मुक्काम बसतो. मधल्या फटी मोकळ्या सोडायच्या, अंदाजाने भरायच्या नाहीत. पत्रं एका जागी नाहीत, हे खरं दुखणं आहे. सेलिग्मनना लिहिलेली पत्रं अमेरिकेत आहेत. शाहू महाराजांशी झालेल्या पत्रव्यवहारासाठी कोल्हापूरकडे वळावं लागतं. तो मे १९२२ पर्यंतच मिळणार, कारण महाराज तेव्हा गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विद्यार्थी म्हणून त्यांची फाइल आहे, बॅरिस्टरीसाठी जिथे नाव घातलं त्या ग्रेज इनचे प्रवेशाचे कागद आहेत, आणि ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद.

यातली विद्यापीठाची फाइल पत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. विद्यार्थ्याने घर बदललं की कार्यालयाला कळवावं लागे. कारकून जुना पत्ता एका रेघेने खोडून वर नवा लिहीत असे, आणि रेघेखालचा पत्ता वाचता येतो. खोडलेले पत्ते क्रमाने उतरवले की घरांचा क्रम आपोआप लागतो. तारखा नंतर पत्रांवरून बसवता येतात. ग्रेज इनकडून फार अपेक्षा ठेवू नका. बॅरिस्टरीच्या प्रवेशनोंदीत साधारणपणे वडिलांचं नाव आणि मूळ गावचा पत्ता असतो, लंडनमधल्या खोलीचा नाही.

आता पत्ता हातात धरून डिरेक्टरीकडे. केलीची मोठी लंडन डिरेक्टरी चार-पाच भागांची असते. तुम्हाला लागतो रस्त्यांचा भाग. नावांच्या भागात वेळ घालवू नका. या भागाची, म्हणजे हॅम्पस्टेडची, स्थानिक डिरेक्टरीही निघत असे. ती मिळाली तर बघा. रस्त्याच्या नोंदीत एका बाजूचे क्रमांक ओळीने दिलेले असतात आणि जिथे दुसरा रस्ता येऊन मिळतो तिथे मध्येच एक ओळ येते, ‘इथे अमुक रस्ता’ अशा अर्थाची. आपल्या कामाची हीच ओळ. किंग हेन्रीज रोडला प्रिमरोज हिल रोड छेदतो. १० क्रमांक त्या ओळीच्या कुठल्या बाजूला आणि किती घरं अलीकडे येतो, हे १९२१ च्या, १९२२ च्या आणि नंतरच्या एखाद्या आवृत्तीत मोजायचं. अंतर तेच राहिलं तर क्रमांक बदललेले नाहीत. लंडनमध्ये घरांचे क्रमांक बदलणं, रस्त्यांची नावं बदलणं हे इतकं चालायचं की लंडन काउंटी कौन्सिल त्याची स्वतंत्र यादी छापत असे. एखाद्या आवृत्तीत अंतर अचानक बदललेलं दिसलं की त्या यादीत बघायचं.

आवृत्तीवरच्या वर्षाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. १९२२ ची डिरेक्टरी म्हणजे १९२२ मधली परिस्थिती नव्हे. माहिती आदल्या वर्षाच्या उत्तरार्धात गोळा होई आणि वर्ष सुरू होताना पुस्तक बाजारात येई. त्यामुळे १९२२ च्या आवृत्तीत ज्या घरमालकिणीचं नाव दिसतं ती १९२१ च्या शरद ऋतूत तिथे होती, एवढंच म्हणता येतं. मालकिणीचं नाव कशाला हवं, असं वाटेल. पुढे जनगणनेत हेच नाव लागतं.

इंग्लंडची १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. ती एप्रिलमध्ये व्हायची होती, खाणकामगारांच्या संपामुळे पुढे गेली आणि १९ जूनच्या रात्री घेतली गेली. तिच्यात कुटुंबप्रमुख, कुटुंबीय, पैसे देऊन राहणारे आणि त्या रात्री आलेले पाहुणे अशी सगळ्यांची नावं असतात. त्यामुळे डिरेक्टरीत नसलेला माणूस इथे असू शकतो. फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर ती नावानेही शोधता येते आणि पत्त्यानेही. पत्त्यानेच शोधा. ‘आंबेडकर’ हे आडनाव इंग्रज मालकिणीने हाताने लिहिलेलं आणि मग कोणीतरी संगणकात उतरवलेलं, म्हणजे त्याचं काय होईल ते सांगता येत नाही. पत्त्याने काम होत नसेल तर जन्मदेश आणि वय वापरा. या जनगणनेत वय वर्षं आणि महिने असं विचारलं होतं. १४ एप्रिल १८९१ चा जन्म धरला तर त्या रात्री बाबासाहेब ३० वर्षं २ महिन्यांचे होते. वयाच्या रकान्यात ३० आणि त्याच्या शेजारी २, जन्म भारतात, शिक्षण चालू, अशी ओळ एखाद्या खानावळवजा घरात दिसली तर आडनाव कसंही लिहिलेलं असो, थांबून नीट वाचा. आणि त्या ओळीतला नात्याचा रकाना बघा. तिथे ‘बोर्डर’ म्हटलं असेल तर ते तिथे राहत होते. ‘व्हिजिटर’ म्हटलं असेल तर ती एका रात्रीची गोष्ट असू शकते आणि यादीत ते घर निवास म्हणून घालू नये.

घर तेच आहे का, हा शेवटचा प्रश्न. क्रमांक टिकला म्हणजे इमारत टिकली असं होत नाही. लंडन काउंटी कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांचे नकाशे रंगवून ठेवलेत. काळा रंग म्हणजे घर पूर्ण गेलं, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे. त्या भागात पुढे साठच्या दशकातही जुनी घरं पाडून मोठी बांधकामं झाली. १० क्रमांकाचं घर यातून वाचलं. पण तुमच्या यादीतल्या लंडनच्या इतर कुठल्याही पत्त्याला ही तपासणी केल्याशिवाय आजचा फोटो लावू नका.

पत्रांवरचे पत्ते खरे धरावेत का, असं विचारलंत. खरे धरा, पण ते कशाचे पत्ते आहेत ते आधी ठरवा. पत्रावरचा पत्ता तीन प्रकारचा असतो : जिथे माणूस झोपतो तो, जिथे तो काम करतो तो, आणि जिथे त्याला पत्र पाठवलं तर मिळेल तो. तेव्हा लंडनला जाणारे कित्येक हिंदी लोक लडगेट सर्कसमधल्या थॉमस कुक या प्रवासी कंपनीच्या कचेरीत पत्रं मागवत, कारण खोल्या बदलत आणि कुक बदलत नसे. कुकचा पत्ता म्हणजे निवास नव्हे, हे कळायला सोपं आहे. मुंबईत हाच प्रकार फसवतो.

मुंबईत १९२४ नंतरच्या कागदांवर परळचा दामोदर हॉल सतत दिसतो. ती बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी. बाबासाहेब दिवसाचा मोठा भाग तिथे असत, भेटायला येणारे तिथेच येत, पत्रंही तिथूनच जात. राहायला मात्र ते जवळच, पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते, पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत. याच जागेला कोणी ‘परळची चाळ’ म्हणतं, कोणी ‘बीआयटी चाळ’, कोणी ‘पोयबावडी’. तुमच्या यादीत ही तीन वेगळी घरं म्हणून आली असतील तर एक करा. त्याआधीची लोअर परळची डबक चाळ मात्र खरंच वेगळी. ती साताऱ्याहून मुंबईला आल्यानंतरची, एका खोलीची.

मुंबईच्याही वार्षिक डिरेक्टऱ्या निघत, पण त्यांचा इथे उपयोग जवळजवळ नाही. त्यांत साहेब, व्यापारी, डॉक्टर, वकील. चाळीतली खोली कोणी छापत नसे. बाबासाहेब वकिली करू लागल्यावर व्यवसायाच्या यादीत नाव शोधता येईल, पण तिथे मिळणारा पत्ता पुन्हा कचेरीचा असण्याचीच शक्यता. म्हणून मुंबईसाठी पत्रं आणि आठवणी हेच साधन. डबक चाळीसारख्या जागेला तर आठवणींखेरीज काही नाही, आणि यादीत तसं लिहायला हरकत नाही.

मुंबईच्या पत्रांवरचा टपाल विभागही वाचून घ्या. ‘मुंबई १२’ म्हणजे परळ, ‘मुंबई १४’ म्हणजे दादर. १९७२ मध्ये पिनकोड आले तेव्हा हेच आकडे शेवटी राहिले, ४०००१२ आणि ४०००१४. पत्ता फाटला असेल आणि हा आकडा शिल्लक असेल तर परळ की दादर, एवढं तरी कळतं.

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या राजगृहाची वर्षं प्रत्येक जण वेगळी देतो, कारण प्रत्येक जण वेगळ्या घटनेचं वर्ष देतो. जागा घेतली ते एक, बांधकाम झालं ते दुसरं, कुटुंब राहायला गेलं ते तिसरं. तुम्हाला तिसरं हवंय. चाळीच्या पत्त्यावरचं शेवटचं पत्र आणि राजगृहाच्या पत्त्यावरचं पहिलं पत्र, यांच्या मधोमध ते बसेल. एक तारीख पक्की आहे : रमाबाई २७ मे १९३५ ला राजगृहातच गेल्या, म्हणजे कुटुंब त्याआधी तिथे आलेलं होतं. राजगृहाचा छापील कागद मात्र जपून वापरा. छापील पत्त्याचा कागद माणूस दौऱ्यावरही घेऊन जातो. छापील पत्त्याखाली हाताने ‘कॅम्प’ आणि गावाचं नाव लिहिलेलं असेल तर त्या दिवशी ते त्या गावात होते. लिफाफा मिळाला तर टपालाचा शिक्का बघा. पत्र कुठून सुटलं ते शिक्का सांगतो, छापील कागद सांगत नाही. छापील संग्रहांत अनेकदा पत्राचा मजकूर असतो आणि डोक्यावरचा पत्ता गाळलेला किंवा सगळीकडे सारखा केलेला असतो. म्हणून शंका आली की मूळ पत्राची प्रत मागवा.

न्यूयॉर्क त्यामानाने सुटसुटीत आहे. १९१३ ते १९१६ या काळात तिथल्या शहराच्या डिरेक्टरीत ते मिळणार नाहीत, पण कोलंबिया विद्यापीठ आपल्या विद्यार्थ्यांची पत्त्यांसह यादी छापत असे, ती वर्षावार बघा. चरित्रांतला क्रम असा आहे : आधी थोडे दिवस हार्टली हॉल हे वसतिगृह, मग ५५४ वेस्ट ११४ वा रस्ता इथला कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये मित्र नवल भथेना यांच्याबरोबर. यादी वर्षातून एकदा निघते, तेव्हा हार्टली हॉलचा छोटा मुक्काम तिच्यात पडला नसला तरी तो झालाच नाही असं म्हणू नका. लिव्हिंग्स्टन हॉल आज त्या नावाने सापडणार नाही. इमारत आहे, नाव वॉलॅक हॉल झालंय. न्यूयॉर्क राज्याची जनगणना जून १९१५ मध्ये झाली होती, तीही लंडनसारखीच पत्त्याने तपासा.

बडोद्याचं काय करायचं, हे तुमच्या यादीत सगळ्यात अवघड. १९१७ मध्ये नोकरीसाठी ते बडोद्याला गेले तेव्हा अस्पृश्याला जागा देईना कोणी. शेवटी एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि ते स्वतः सांगतात त्याप्रमाणे तिथल्या वहीत पारशी म्हणून नाव घालावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दारात आले आणि जागा सोडावी लागली. या पत्त्याला कुठल्याच डिरेक्टरीचा आधार मिळणार नाही. ती वही उद्या सापडली तरी तिच्यात ‘आंबेडकर’ नसेल. इथे पुरावा म्हणजे त्यांचं स्वतःचं कथन, एवढाच. यादीत या ओळीपुढे साधन म्हणून तेच लिहा आणि धर्मशाळेची जागा नकाशावर टोचायचा मोह आवरा.

दिल्लीत घरं सरकारी, त्यामुळे तिथे पत्रं आणि सरकारी नोंदी दोन्ही मिळतात. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना २२ पृथ्वीराज रोड, कायदामंत्री असताना १ हार्डिंग अव्हेन्यू, आणि १९५१ मध्ये राजीनामा दिल्यानंतर २६ अलीपूर रोड. १५ एप्रिल १९४८ चा विवाह हार्डिंग अव्हेन्यूच्या घरी झाला आणि ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले ते अलीपूर रोडच्या घरी. हार्डिंग अव्हेन्यूचं नाव आता टिळक मार्ग. यादीत नवं नाव एकटं घालू नका. पत्रावर जे आहे ते आधी, आजचं नाव त्याच्या शेजारी. अलीपूर रोडला आज स्मारकाची नवी इमारत आहे, ते जुनं घर नाही, हेही नोंदवा, कारण पर्यटक तिथे जाऊन हेच ते घर समजतात.

यादीचे रकाने मी असे ठेवतो : पत्ता मूळ कागदावर आहे तसा, आजचा पत्ता, पहिली तारीख, शेवटची तारीख, दोन्ही तारखांचा आधार, पत्त्याचा प्रकार (निवास, कचेरी की पत्रासाठी), आणि इमारत तीच आहे का. किंग हेन्रीज रोडच्या ओळीत शेवटच्या तारखेपुढे फेब्रुवारी १९२२ चं पत्र घाला आणि त्यानंतरचं त्याच पत्त्यावरचं पत्र मिळालं की तारीख पुढे सरकवा. लंडनच्या पहिल्या मुक्कामाची, १९१६-१७ ची ओळ आत्ता रिकामीच ठेवा. तिथे आधी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला लिहून विद्यार्थी-फाइलमधल्या पत्त्याच्या पानांची प्रत मागवा.